साठवलेले कार्ड नेमके कुठे असते : टोकन पद्धतीची पार्श्वभूमी

खरेदीच्या कोणत्याही ॲपमध्ये पैसे भरण्याच्या पानावर गेलो की बँकेचे नाव, चार ठिपके आणि कार्डाचे शेवटचे चार अंक दिसतात, आणि आपण सहज म्हणतो की माझे कार्ड या ॲपमध्ये सेव्ह आहे. 1 ऑक्टोबर 2022 पासून भारतातील दुकानांपुरते हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे ठरले आहे, कारण त्या दिवसापासून आपल्या कार्डाचा खरा क्रमांक जवळ ठेवण्याची मुभा त्या दुकानाला राहिलेली नाही. तिथे दिसते ती केवळ ओळख पटवणारी खूण असते आणि तिच्यामागे असते ते टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाच्या जागी ठेवलेला बदली क्रमांक. हा बदल का करावा लागला हे नीट कळले, तर कार्ड काढून टाकायचे म्हणजे नेमके काय काढायचे आणि कुठून काढायचे हेही आपोआप कळते. म्हणून आधी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

कार्ड दुकानाकडेच ठेवून द्यायचे आणि पुढच्या वेळी एका बटणावर खरेदी करायची, ही कल्पना इंटरनेटवरील दुकानदारीइतकीच जुनी आहे. ॲमेझॉनने 1997 मध्ये एका क्लिकवरील खरेदीच्या पद्धतीसाठी अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला आणि 1999 मध्ये ते मिळवले. ग्राहकाला प्रत्येक वेळी सोळा अंक, मुदत आणि नाव टाइप करावे लागले तर बरेच जण खरेदी अर्ध्यावर सोडतात, हे दुकानदारांनी फार लवकर ओळखले होते. त्यामुळे कार्डाचा तपशील साठवणे ही सर्वांची रीत बनली आणि एकाच माणसाचा कार्ड क्रमांक दहा-पंधरा दुकानांच्या संगणकांवर पसरून राहू लागला.

भारतात या प्रवासाला एक वेगळे वळण मिळाले. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2009 मध्ये परिपत्रक काढून असा नियम केला की कार्ड प्रत्यक्ष न दाखवता केलेल्या ऑनलाइन व्यवहारात, कार्डावर छापलेल्या माहितीपलीकडची आणखी एक ओळख ग्राहकाने पटवलीच पाहिजे. हा नियम त्याच वर्षी 1 ऑगस्टपासून लागू झाला. आधी त्यासाठी वेगळा पासवर्ड असे, पुढे मोबाइलवर येणारा ओटीपी रुळला. म्हणजे भारतात कार्डाचा क्रमांक चोरीला गेला तरी देशी दुकानात तो ओटीपीशिवाय चालत नाही. या संरक्षणामुळे आपण निर्धास्त झालो आणि क्रमांक कुठे कुठे साठवला जातो आहे याकडे लक्ष देण्याची गरज कुणाला फारशी वाटली नाही, असे मला वाटते. पण तोच क्रमांक ओटीपी न मागणाऱ्या परदेशी संकेतस्थळावर चालू शकतो. शिवाय क्रमांक, नाव आणि मोबाइल एकत्र हाती असलेला भामटा फोनवर बँकेचा अधिकारी म्हणून जास्त सहज खपून जातो.

ही साठवण किती नाजूक असते, हे दाखवणारे एक प्रकरण जानेवारी 2021 मध्ये उघड झाले. अनेक मोठ्या ॲपसाठी पैसे भरण्याची प्रक्रिया हाताळणाऱ्या जसपे या बेंगळुरूच्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये ऑगस्ट 2020 मध्ये बाहेरच्या कुणीतरी शिरकाव केला होता, आणि सुमारे 3.5 कोटी नोंदींमधला कार्डांचा झाकलेला तपशील बाहेर गेला होता. झाकलेला म्हणजे असा की सोळापैकी पहिले सहा आणि शेवटचे चार अंक उघडे होते, मधले सहा लपवलेले होते. त्याच्या सोबत प्रत्येक कार्डाचा गणिती ठसाही होता, म्हणजे पूर्ण क्रमांकावर ठरावीक प्रक्रिया करून काढलेली अक्षरांची लांबलचक माळ. पूर्ण क्रमांक फुटलेले नाहीत आणि ठशावरून ते काढता येणार नाहीत, असे कंपनीने सांगितले. सुरक्षा क्षेत्रातील काही जणांनी मात्र ठसा काढण्याची पद्धत कुणाच्या हाती लागली तर काय होईल, असा प्रश्न विचारला.

तो प्रश्न समजून घेण्यासाठी शाळेतले गणित पुरेसे आहे. लपवलेले अंक सहा, म्हणजे शक्यता 10 लाख. पण कार्डाचा शेवटचा अंक हा मनाला येईल तो नसतो. आधीच्या पंधरा अंकांवरून ठरावीक हिशेबाने तो काढलेला असतो. तो अंक उघडाच असल्यामुळे त्या 10 लाखांपैकी दहातील नऊ शक्यता आपोआप बाद होतात आणि उरतात 1 लाख. पद्धत माहीत असेल तर 1 लाख क्रमांकांचे ठसे काढून जुळवून पाहणे हे साध्या संगणकाला क्षणभराचे काम आहे. त्या प्रकरणात असे कुणी केले असे मी म्हणत नाही. परंतु सोळा अंकांची गुप्तता ऐकायला वाटते त्यापेक्षा फार उथळ असते, आणि झाकून ठेवणे हा साठवणुकीच्या धोक्यावरचा पूर्ण उपाय नव्हे, हे त्या हिशेबातून स्पष्ट होते.

रिझर्व्ह बँक या निष्कर्षाकडे त्याआधीच वळली होती. जानेवारी 2019 मध्ये तिने कार्ड कंपन्यांना टोकन देण्याची परवानगी दिली, पण ती तेव्हा मोबाइल आणि टॅबलेट यांच्यापुरती होती. 17 मार्च 2020 रोजी पैसे गोळा करून देणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांसाठी जी नियमावली आली, तिच्यात व्यापाऱ्यांनी ग्राहकांच्या कार्डांचा तपशील साठवू नये असे कलम होते. नुसती बंदी घातली असती तर प्रत्येक खरेदीला सोळा अंक टाइप करण्याची वेळ पुन्हा आली असती आणि दुकानदारांचा विरोध त्यावरच होता. म्हणून 7 सप्टेंबर 2021 रोजी दुसरा दरवाजा उघडण्यात आला : दुकानाकडे साठवलेल्या कार्डाच्या जागी टोकन ठेवता येईल, आणि 1 जानेवारी 2022 पासून कार्ड देणारी बँक व कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी, म्हणजे रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या संस्था, यांच्याखेरीज साखळीतील कुणीही खरा क्रमांक ठेवणार नाही. हिशेब जुळवण्यासाठी शेवटचे चार अंक आणि बँकेचे नाव एवढेच ठेवण्याची मुभा राहिली. पानावर आपल्याला नेमके तेवढेच का दिसते, याचे उत्तर या परिपत्रकात आहे.

ठरलेली तारीख मात्र पाळली गेली नाही. डिसेंबर 2021 मध्ये ती 30 जून 2022 पर्यंत आणि जूनमध्ये पुन्हा 30 सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलण्यात आली. बँका, जाळी, मध्यस्थ आणि दुकाने अशा सर्वांच्या यंत्रणा एकाच वेळी तयार व्हायला हव्या होत्या आणि त्या तयार नव्हत्या, हे यामागचे खरे कारण होते. सर्वांत मोठी अडचण कार्ड साठवायचे नसलेल्या ग्राहकाची होती. तो त्या एका खरेदीपुरते सोळा अंक टाइप करतो, आणि पैसे प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत ते अंक कुणाकडे तरी असावे लागतात. त्यासाठी जुलै 2022 मध्ये अशी तात्पुरती सवलत देण्यात आली की दुकान किंवा त्याचा मध्यस्थ हा तपशील व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त चार दिवस, किंवा पैसे चुकते होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतच ठेवू शकतो आणि नंतर तो त्याने पुसलाच पाहिजे. जून 2022 पर्यंत सुमारे 19.5 कोटी टोकन तयार झाली होती. ऑक्टोबर 2023 च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने हा आकडा 56 कोटींच्या वर गेल्याचे सांगितले आणि त्यानंतर डिसेंबरमध्ये थेट बँकेच्या ॲपमधूनही हव्या त्या दुकानासाठी टोकन काढण्याची सोय करून दिली.

आता हे टोकन काय असते ते पाहू. दिसायला ते कार्डासारखाच सोळा अंकी क्रमांक असते, पण त्या अंकांचा आपल्या खऱ्या क्रमांकाशी गणिती संबंध नसतो, त्यामुळे त्यावरून उलटे जाऊन कार्ड शोधता येत नाही. कोणते टोकन कोणत्या कार्डाचे, ही नोंदवही कार्डाचे जाळे चालवणाऱ्या संस्थेकडे किंवा बँकेकडे असते. प्रत्येक टोकन एक कार्ड, ते मागणारी संस्था आणि एक दुकान या तिघांच्या जोडणीला बांधलेले असते. आपण किराण्याच्या ॲपमध्ये आणि कपड्यांच्या ॲपमध्ये एकच कार्ड दिले, तरी दोन्हीकडची टोकन वेगळी. एकाचे टोकन चोरून दुसऱ्या दुकानात वापरता येत नाही. वाड्याच्या मुख्य दाराची किल्ली देण्याऐवजी प्रत्येक कामाच्या माणसाला फक्त त्याच्या खोलीची किल्ली द्यावी आणि ती त्याच्याच हातात फिरावी, तसा हा प्रकार आहे.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. पूर्वी साठवलेल्या कार्डाने पैसे भरताना कार्डामागचा तीन अंकी सीव्हीव्ही विचारला जायचा. आता अनेक ॲपमध्ये तो विचारत नाहीत आणि सरळ ओटीपी येतो. लोकांना वाटते की या ॲपने आपला सीव्हीव्हीसुद्धा साठवून ठेवला आहे. वस्तुस्थिती उलट आहे. टोकनाने व्यवहार होताना त्या एका व्यवहारापुरता एक सांकेतिक पुरावा तयार होतो, जो पुढच्या वेळी चालत नाही, आणि सीव्हीव्हीचे काम तोच करतो. म्हणूनच रुपेने मे 2023 मध्ये टोकन असलेल्या कार्डांसाठी सीव्हीव्हीशिवाय पैसे भरण्याची सोय जाहीर केली. टोकन नोंदवण्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती आणि ओटीपी लागतो, त्याला शुल्क घेता येत नाही, आणि कार्ड नोंदवण्याची सक्तीही करता येत नाही. आरबीआयच्या नियमानुसार कार्ड सुरक्षित करा, अशा अर्थाच्या ओळीशेजारचा चौकोन म्हणजे ती संमती होय. काही ॲपमध्ये त्या चौकोनात बरोबरची खूण आधीच केलेली असते. ती काढून पुढे गेलो तरी खरेदी होते.

संमती जशी द्यायची तशीच ती परत घेण्याची तरतूदही 2021 च्या त्याच परिपत्रकात आहे आणि माझ्या मते त्या परिपत्रकाचा हाच भाग सामान्य ग्राहकापर्यंत सर्वांत कमी पोहोचला. दुकानाने आपल्या ॲपमध्ये टोकन रद्द करण्याचा पर्याय द्यायचा आहेच. पण त्याखेरीज बँकेनेही, आपल्या कार्डाचे टोकन कोणकोणत्या दुकानांकडे आहे याची यादी ग्राहकाला दाखवायची आहे आणि तिथूनच ते रद्द करण्याची सोय द्यायची आहे. ही सोय मोबाइल ॲप, नेट बँकिंग, फोनवरची स्वयंचलित सेवा किंवा शाखा यांपैकी किमान एका मार्गाने मिळायला हवी.

गेल्या दिवाळीत सांगलीला आत्याकडे गेलो असताना आम्ही दोघांनी बसून तिच्या डेबिट कार्डाची ही यादी काढली. आत्या निवृत्त शिक्षिका आहे आणि हिशेबाला पक्की आहे. तिचे म्हणणे असे होते की तिचे कार्ड फक्त दोन ॲपमध्ये आहे, कारण फोनमध्ये खरेदीची दोनच ॲप आहेत. तिच्या बँकेच्या ॲपमध्ये कार्डांच्या विभागात, व्यवहार मर्यादेच्या खाली, टोकन व्यवस्थापन असे पान होते. बँकेगणिक हे नाव आणि जागा बदलते, पण कार्डाच्या विभागातच ते शोधावे. तिथे सहा नावे निघाली. दोन तिच्या ओळखीची. तिसरे एका औषधांच्या ॲपचे, जे तिने दोन वर्षांपूर्वी जुन्या फोनवर वापरले होते. चौथे एका बसच्या तिकिटांच्या ॲपचे, नागपूरच्या लग्नाला जाताना एकदाच वापरलेले. पाचवे नाव तिने कधी ऐकलेच नव्हते. तारीख जुळवून पाहिल्यावर लक्षात आले की ते ज्या संकेतस्थळावरून तिने साड्या मागवल्या होत्या त्याच्या मालक कंपनीचे कागदोपत्री नाव आहे. सहावे एका वर्तमानपत्राच्या वार्षिक वर्गणीचे होते.

“अरे, ते औषधांचं ॲप तर मी फोनमधून काढून टाकलं होतं,” आत्या म्हणाली. नेमकी हीच गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ॲप फोनमधून काढले म्हणजे फक्त दुकानाकडे जाणारी आपल्या घरातली वाट बंद झाली. दुकानातले आपले खाते आणि नोंदवहीतले टोकन दोन्ही जागच्या जागी राहतात. फोन बदलला, फॉरमॅट केला, तरी तसेच. टोकन फोनमध्ये नसतेच, त्यामुळे फोनवर केलेली कोणतीही साफसफाई त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आम्ही औषधे, बस आणि साड्या अशी तीन नावे बँकेच्या यादीतून रद्द केली. प्रत्येक वेळी ॲपने पुन्हा ओळख पटवून घेतली आणि थोड्या वेळाने रद्द झाल्याचा संदेश आला. तो संदेश येईपर्यंत थांबावे आणि यादी पुन्हा उघडून नाव गेल्याची खात्री करावी. साड्यांच्या एका परत केलेल्या पार्सलचे पैसे यायचे होते, म्हणून आत्या जरा घाबरली होती. पण परतावा मूळ व्यवहाराच्या संदर्भावरून त्याच खात्यात येतो, साठवलेल्या कार्डावरून नव्हे. ज्याने कार्ड कधीच साठवले नाही त्यालाही परतावा मिळतोच. तिचे पैसे चार दिवसांनी जमा झाले.

वर्तमानपत्राच्या वर्गणीला मात्र आम्ही लगेच हात लावला नाही, कारण तिथे टोकनाच्या जोडीला दुसरी एक गोष्ट होती. ठरावीक काळाने आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी, जिला बँकेच्या भाषेत ई-मँडेट म्हणतात, ही स्वतंत्र नोंद असते आणि तिचे पान बँकेच्या ॲपमध्ये सहसा वेगळे असते. अशा वर्गणीत 15,000 रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना दर वेळी ओटीपी लागत नाही. त्याऐवजी पैसे जाण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने सूचना पाठवायची असते. दुकानातून कार्ड काढले म्हणजे वर्गणी बंद झाली, असे धरून चालू नये. आधी वर्गणी रद्द करावी, मग बँकेत ई-मँडेट रद्द झाल्याचे पाहावे आणि शेवटी टोकन काढावे. हा क्रम उलटा केला तर हप्ता अडतो, पण करार संपत नाही, आणि थकबाकीचे संदेश येऊ लागतात.

टोकनाच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या आणखी दोन जागा आहेत. पहिली परदेशी संकेतस्थळांची. हा नियम देशांतर्गत व्यवहारांसाठी आहे, त्यामुळे परदेशातील एखाद्या दुकानाला दिलेला कार्ड क्रमांक त्यांच्याकडे खराखुरा साठवलेला असू शकतो आणि तो बँकेच्या यादीत दिसणार नाही. तो त्या संकेतस्थळावर जाऊनच पुसावा लागतो. परदेशात राहणाऱ्या मुलांसाठी भेटवस्तू पाठवताना किंवा विद्यापीठाचे शुल्क भरताना भारतीय कार्ड वापरणाऱ्या पालकांनी हे आवर्जून ध्यानात ठेवावे. यावर बँकेच्याच ॲपमध्ये एक चांगला उपाय आहे : रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांमुळे कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर आपल्याला हवा तेव्हा चालू-बंद करता येतो आणि मर्यादाही ठरवता येते. काम झाले की तो बंद ठेवावा.

दुसरी जागा आपल्या ब्राउझरची. फॉर्म भरताना क्रोम कार्ड लक्षात ठेवू का, असे विचारते आणि आपण घाईत होकार देतो. ही साठवण दुकानाची नसून ब्राउझरची किंवा आपल्या ईमेल खात्याची असते. त्याच खात्याने दुसऱ्या संगणकावर प्रवेश केला तर ती तिथेही दिसू शकते. कार्यालयातल्या किंवा सायबर कॅफेतल्या संगणकावर हे विशेष जोखमीचे आहे. क्रोमच्या पत्त्याच्या जागी पुढील ओळ टाइप केली की साठवलेल्या कार्डांची यादी उघडते आणि तिथून ती काढता येतात.

```
chrome://settings/payments
```

कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तिच्यापुढे टोकनाचा काहीही उपयोग नाही, कारण त्या फोटोत क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही तिन्ही असतात आणि तो दोन्ही फोनच्या गॅलरीत व बॅकअपमध्ये राहतो.

टोकन पद्धतीला असलेली खरी मर्यादा ओटीपीशी निगडित आहे. टोकन दुकानातून चोरले तर निरुपयोगी ठरते, पण टोकन काढतानाच भामटा मध्ये शिरला तर ते त्याच्या हाती पडते. फोनवर कुणी सांगते की तुमच्या कार्डाची टोकन नोंदणी संपत आहे, नूतनीकरणासाठी आलेला क्रमांक सांगा. आपण तो सांगितला, तर आपले कार्ड त्याच्या खात्यात किंवा त्याच्या फोनवरच्या वॉलेटमध्ये नोंदले जाऊ शकते. ओळखायचे कसे, याचे उत्तर ओटीपीच्या संदेशातच असते. खरेदीच्या संदेशात रक्कम आणि दुकानाचे नाव असते. नोंदणीच्या संदेशात कार्ड जोडण्याचा किंवा टोकनचा उल्लेख असतो. आपण काहीच खरेदी करत नसताना असा संदेश आला, तर कार्ड बँकेच्या ॲपमधून तात्पुरते बंद करावे, यादीत नवे नाव आले आहे का ते पाहावे, आलेले असल्यास ते रद्द करून बँकेकडे लेखी तक्रार नोंदवावी. पैसे गेले असतील तर 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

आत्याच्या कार्डाची मुदत पुढच्या वर्षी संपते. नवे कार्ड आल्यावर जुन्या दुकानांशी ते जोडायचे का, हे बँकेने तिला विचारून मगच करायचे आहे, कारण तशी स्पष्ट संमती घेण्याचे बंधन त्याच 2021 च्या परिपत्रकात बँकेवर आहे. उरलेली तीन नावे तिने पासबुकाच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवली आहेत, म्हणजे तो संदेश येईल तेव्हा त्यातली नावे तिला या पानाशी ताडून पाहता येतील.